तरंगती बॅटरी आणि सुपरनोड: नोड व्होल्टेजची समीकरणं कशी मांडायची

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रत्नागिरीत माझ्याकडे संध्याकाळी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची तीन-चार मुलं नेटवर्कची गणितं घेऊन येतात. पडवीत बसलो होतो, बाहेर पागोळ्यांची धार लागलेली. मालवणकडचा एक मुलगा बराच वेळ एकाच समीकरणावर पेन्सिल टेकवून गप्प बसला होता. शेवटी म्हणाला, "सर, ह्या बॅटरीचो करंट खंयसून काढू?"

प्रश्न अगदी वर्मावर होता. नोड व्होल्टेजची पद्धत त्याला येत होती. प्रत्येक नोडवर किर्चहॉफचा करंटचा नियम लावायचा आणि प्रत्येक रेझिस्टरचा करंट 'व्होल्टेजचा फरक भागिले रेझिस्टन्स' असा लिहायचा, हे तो सराईतपणे करत होता. दोन नोडांच्या मध्ये बॅटरी आली आणि तिथे भागायला रेझिस्टन्सच सापडेना. त्या संध्याकाळी आम्ही जे सर्किट सोडवलं, तेच इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत घेतो. कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि आकृती स्वतः काढा. या विषयातल्या निम्म्या चुका आकृती नुसती डोळ्यांनी पाहिल्यामुळे होतात.

सर्किट

सर्किटमध्ये पाच नोड आहेत: ग्राउंड, पी, ए, बी आणि सी. २४ व्होल्टचा सोर्स ग्राउंड आणि पी यांच्या मध्ये आहे, त्याचं प्लस टोक पी नोडला. पी ते ए ३ किलोओहम, ए ते सी १ किलोओहम, बी ते सी ३ किलोओहम. बी नोडपासून ग्राउंडला १ किलोओहम आणि सी नोडपासून ग्राउंडला ३ किलोओहम. राहिली ती बॅटरी: ६ व्होल्टची, ए आणि बी यांच्या मध्ये, प्लस टोक ए नोडला.

रेझिस्टर सगळे १ किंवा ३ किलोओहमचेच घेतले आहेत, कारण हेच सर्किट पुढे ब्रेडबोर्डवर लावायचं आहे. समीकरणांत रेझिस्टन्स किलोओहममध्ये आणि व्होल्टेज व्होल्टमध्ये ठेवलं की करंट आपोआप मिलिअँपिअरमध्ये मिळतो. शून्यांची रांग सांभाळत बसावं लागत नाही.

या बॅटरीला तरंगता सोर्स म्हणतात, कारण तिचं एकही टोक ग्राउंडला नाही आणि ज्याचं व्होल्टेज आधीच माहीत आहे अशा नोडलाही नाही. दुसरी अट विसरू नका. हीच बॅटरी पी आणि ए यांच्या मध्ये असती, प्लस टोक पी नोडला, तर ए नोडचं व्होल्टेज २४ वजा ६ म्हणजे १८ व्होल्ट असं तिथल्या तिथे मिळालं असतं. तिथे सुपरनोड, म्हणजे बॅटरीचे दोन्ही नोड एकत्र धरून करंटचं एकच समीकरण लिहायची युक्ती, लागतच नाही. म्हणून आधी माहीत असलेली व्होल्टेजं आकृतीवर लिहून टाका, आणि मगच कुठला सोर्स खरोखर तरंगतो आहे ते ठरवा.

गाडी कुठे अडते

रेझिस्टरला दोन टोकांची व्होल्टेजं सांगितली की तो किती करंट घेणार हे ओहमच्या नियमाने ठरतं. आदर्श बॅटरीचं तसं नसतं. तिच्या दोन टोकांतला फरक सहाच राहणार, मग तिच्यातून १ मिलिअँपिअर जावो, १० जावोत, नाहीतर उलटे ५ येवोत. व्होल्टेजवरून तिचा करंट कळायला मार्गच नाही. तिचा आतला रेझिस्टन्स शून्य धरून हट्टाने सूत्र लावलं, तर वर शून्य आणि खाली शून्य अशी स्थिती येते.

मुलांना मी मिरकरवाड्याच्या धक्क्यावरच्या होड्या आठवायला सांगितल्या. एक मोठी, एक लहान, शेजारी शेजारी घट्ट बांधलेल्या. भरती आली की दोन्ही वर येतात, ओहोटीला दोन्ही खाली जातात. मोठीचं डेक लहानीच्या डेकपेक्षा जेवढं उंच, तेवढंच उंच राहतं. धक्क्याच्या मानाने दोन्ही किती वर आहेत, हे मात्र पाणी ठरवतं. आपली बॅटरी ए आणि बी यांच्यातला ६ व्होल्टचा फरक तेवढा सांभाळते. ग्राउंडच्या मानाने ती जोडी किती वर बसणार, हे बाकीचं सर्किट ठरवतं. बॅटरीकडून एक समीकरण मिळणार आणि बाकीच्या सर्किटकडून एक. दोन अज्ञातांना दोन समीकरणं, हिशोब पुरा.

सुपरनोड कुठून येतो

पुस्तकात 'दोन्ही नोडांभोवती तुटक रेषा काढा' एवढंच सांगून पुढे जातात. ती रेषा काढायची परवानगी कुठून मिळाली, हे एकदा हाताने करून पाहिलं की पुन्हा विसरत नाही.

बॅटरीचा करंट माहीत नाही ना? मग त्याला नाव देऊन टाकू. ए नोडमधून निघून बॅटरीतून बी नोडकडे जाणारा करंट Ix म्हणू. आता ए आणि बी यांची साधी समीकरणं लिहा. नोडमधून बाहेर जाणारे सगळे करंट अधिक धरायचे आणि बेरीज शून्य करायची:

```
A:  (Va - 24)/3 + (Va - Vc)/1 + Ix = 0
B:  Vb/1 + (Vb - Vc)/3 - Ix = 0
```

एकात Ix अधिक आहे, दुसऱ्यात वजा. बॅटरीच्या एका टोकात जेवढा करंट शिरतो तेवढाच दुसऱ्यातून निघतो, त्यामुळे हे असंच असणार. दोन्ही समीकरणांची बेरीज करा, Ix उडून जातो:

```
(Va - 24)/3 + (Va - Vc)/1 + Vb/1 + (Vb - Vc)/3 = 0
```

हेच सुपरनोडचं समीकरण. तुटक रेषा म्हणजे ही बेरीज एका दमात करण्याची खूण. रेषेच्या आत पूर्ण सापडलेला करंट एका नोडला जावक आणि दुसऱ्याला आवक असतो, म्हणून तो बेरजेत टिकत नाही. रेषा ओलांडणारे करंट तेवढे उरतात. सवय झाली की Ix लिहायची गरज पडत नाही. आकृतीवर ए, बी आणि बॅटरी यांच्याभोवती रेषा काढायची आणि ती कुठले रेझिस्टर कापते ते मोजायचं. इथे चार कापले जातात, आणि वरच्या समीकरणात चारच पदं आहेत. ही मोजणी दरवेळी करा. पद गळलं असेल तर इथेच पकडलं जातं.

उरलेली दोन समीकरणं

तीन अज्ञातं आहेत, Va, Vb आणि Vc. एक समीकरण झालं. दुसरं बॅटरीचं:

```
Va - Vb = 6
```

इथे एकच शिस्त पाळायची: प्लस टोकाच्या नोडचं व्होल्टेज वजा मायनस टोकाच्या नोडचं व्होल्टेज बरोबर बॅटरीचं व्होल्टेज. करंट कुठून कुठे जातो याचा इथे काहीही संबंध नाही. मुलं आधी करंटची दिशा मनात धरतात आणि त्यावरून चिन्ह ठरवतात. तिथेच घोळ होतो.

तिसरं समीकरण सी नोडचं. सी साधा नोड आहे, त्याला तीन रेझिस्टर आहेत:

```
(Vc - Va)/1 + (Vc - Vb)/3 + Vc/3 = 0
```

हे लिहिताना सुपरनोड विसरून जा. सी नोडचा एक रेझिस्टर ए टोकाला जातो, तिथे Va लिहायचं. दुसरा बी टोकाला जातो, तिथे Vb. दोन्ही रेझिस्टर एकाच तुटक रेषेत शिरत असले, तरी ज्या टोकाला ते खरोखर जोडलेले आहेत त्याचंच व्होल्टेज त्यांना दिसतं. 'सुपरनोडचं व्होल्टेज' असा काही प्रकार नसतो.

आता सोडवू. पहिल्या समीकरणाला ३ ने गुणलं की 4Va + 4Vb - 4Vc = 24 येतं, म्हणजे चारने भागून:

```
Va + Vb - Vc = 6
```

तिसऱ्याला ३ ने गुणून:

```
5Vc = 3Va + Vb
```

आता Va च्या जागी Vb + 6 ठेवा. पहिल्यातून Vc = 2Vb. ते खालच्या समीकरणात घातलं की 10Vb = 4Vb + 18, म्हणून Vb = 3. त्यावरून Va = 9 आणि Vc = 6.

समीकरणं पुरेशी झाली का, हे सोडवायच्या आधीच तपासता येतं. ग्राउंड सोडून नोड चार, व्होल्टेज सोर्स दोन. चार वजा दोन म्हणजे करंटच्या नियमाची समीकरणं दोन हवीत: सुपरनोडचं एक आणि सी नोडचं एक. सोर्सची समीकरणं दोन: पी नोड २४ व्होल्टला आहे, आणि Va - Vb = 6. करंटच्या नियमाची तीन समीकरणं तुमच्या वहीत आली असतील, तर तुम्ही सुपरनोडचं लिहून शिवाय ए किंवा बी यांचंही वेगळं लिहिलं आहे. ते चालणार नाही, कारण त्या वेगळ्या समीकरणात Ix पुन्हा येतो आणि तो लिहायला तुमच्याकडे काही नाही.

आता बॅटरीचा करंट

मालवणच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. व्होल्टेजं हातात आली की Ix सुपरनोडच्या आत जाऊन काढायचा. त्यासाठी ए किंवा बी यांपैकी कुठलाही एक नोड घ्या.

ए नोडमध्ये पी नोडकडून 24 - 9 = 15 व्होल्ट भागिले ३ किलोओहम, म्हणजे ५ मिलिअँपिअर येतात. सी नोडकडे 9 - 6 = 3 व्होल्ट भागिले १ किलोओहम, म्हणजे ३ मिलिअँपिअर जातात. उरलेले २ मिलिअँपिअर बॅटरीत शिरतात. बी नोडवर पडताळा घ्या: सी नोडकडून १ मिलिअँपिअर येतो, ग्राउंडला ३ जातात, म्हणजे बॅटरीकडून २ यायला हवेत. जमलं. एका नोडवर करंट काढायचा आणि दुसऱ्यावर पडताळायचा, ही सवय लावून घ्या. समीकरणं सोडवताना आकडेमोडीत चूक झाली असेल तर ती इथे उघडी पडते.

करंटची दिशा पाहिलीत का? २ मिलिअँपिअर बॅटरीच्या प्लस टोकातून आत शिरत आहेत. म्हणजे ही बॅटरी सर्किटला काही देत नाही, उलट चार्ज होते आहे. कागदावर त्याने बिघडत नाही. ब्रेडबोर्डवर आम्ही ६ व्होल्टसाठी दीड व्होल्टचे चार पेन्सिल सेल होल्डरमध्ये घालून वापरणार होतो, आणि साधे पेन्सिल सेल चार्ज करायचे नसतात.

म्हणून मी बॅटरीला समांतर, म्हणजे थेट ए आणि बी यांच्या मध्ये, आणखी एक १ किलोओहमचा रेझिस्टर लावायला सांगितला आणि विचारलं, "आता समीकरणं काय होतील?" तिघांनी खोडरबर उचलला. चौथीने आकृतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "सर, तो तुटक रेषेच्या आतच आहे. रेषा त्याला कापत नाही."

तेच बरोबर. त्या रेझिस्टरचा करंट ए नोडमधून निघून बी नोडमध्ये शिरतो, बेरजेत Ix सारखाच उडतो. तिन्ही समीकरणांतलं एक अक्षरही बदलत नाही आणि व्होल्टेजं ९, ३ आणि ६ च राहतात. बदलतो तो बॅटरीचा करंट. नव्या रेझिस्टरला ६ व्होल्ट मिळतात, म्हणून तो ६ मिलिअँपिअर घेतो. ए नोडचा हिशोब पुन्हा मांडा: पी नोडकडून येणारे ५, सी नोडकडे जाणारे ३, नव्या रेझिस्टरमधून जाणारे ६. चारची तूट आहे, ती बॅटरी भरून काढते. आता ४ मिलिअँपिअर बॅटरीच्या प्लस टोकातून बाहेर पडत आहेत. बॅटरी देती झाली आणि सेल सुरक्षित राहिले.

परीक्षेत असा समांतर रेझिस्टर मुद्दाम घातलेला असतो. सुपरनोडच्या समीकरणात तो लिहायचा नाही, आणि सोर्सचा करंट विचारला की त्याला सोडायचं नाही.

पॉवरचा ताळाही मिळवून ठेवा. २४ व्होल्टचा सोर्स ५ मिलिअँपिअर देतो, म्हणजे १२० मिलिवॅट. बॅटरी ४ मिलिअँपिअर देते, म्हणजे २४. एकूण १४४. रेझिस्टरांमध्ये पी-ए ७५, ए-सी ९, बी-ग्राउंड ९, बी-सी ३, सी-ग्राउंड १२ आणि नवा ए-बी ३६, बेरीज १४४. सगळ्यांत जास्त ७५ मिलिवॅट असल्यामुळे पाव वॅटचे रेझिस्टर सहज चालतात.

उत्तर चुकलं आहे हे कसं ओळखायचं

या सर्किटमध्ये बॅटरीचं व्होल्टेज ६ ऐवजी E ठेवून तीच समीकरणं सोडवली, तर हे मिळतं:

```
Va = 5 + 2E/3
Vb = 5 - E/3
Vc = 4 + E/3
```

चुका ओळखायला या तीन ओळी फार उपयोगी पडतात.

पहिली चूक म्हणजे ए आणि बी दोघांना एकच व्होल्टेज देणं. "सुपरनोड म्हणजे एक नोड" हे वाक्य शब्दशः घेतलं की असं होतं. मग उत्तर येतं दोन्हींना ५ आणि सी नोडला ४. आकडे पूर्ण येतात, म्हणून संशय येत नाही. वरच्या सूत्रांत E शून्य घाला, हेच आकडे मिळतील. बॅटरी काढून तिच्या जागी तार लावली, असा त्याचा अर्थ.

दुसरी चूक म्हणजे बॅटरीचा करंट सरळ गाळून ए आणि बी यांची वेगवेगळी समीकरणं लिहिणं. समांतर रेझिस्टर नसलेल्या सर्किटमध्ये त्याने Va = 11.4, Vb = 1.8 आणि Vc = 7.2 येतात. इथे ओळखणं सोपं आहे: ए आणि बी यांची वजाबाकी करा, ९.६ येते. ६ व्होल्टच्या बॅटरीच्या टोकांना ९.६ असूच शकत नाहीत. ही उत्तरं बॅटरी काढून जागा मोकळी ठेवलेल्या सर्किटची आहेत.

तिसरी चूक सगळ्यांत फसवी: चिन्ह उलटं लिहिणं, म्हणजे Vb - Va = 6. उत्तर येतं Va = 1, Vb = 7, Vc = 2. यावर करंटची बेरीज करून पाहा, प्रत्येक नोडवर जमते. पॉवरचा ताळाही जमतो. हे उत्तर एका खऱ्या सर्किटचंच आहे, त्यात बॅटरी तेवढी उलटी लावलेली आहे. म्हणून ताळा जमला याचा भरवसा इथे धरता येत नाही. शेवटी एकदा आकृतीतल्या प्लस खुणेवर बोट ठेवून बघावंच लागतं: प्लस ए नोडला आहे ना, मग Va मोठं आलं का?

आणखी एक प्रसंग गाठ पडतो: तरंगत्या सोर्सच्या ओळीतच एक रेझिस्टर असतो. ए आणि बी यांच्या मध्ये ६ व्होल्ट आणि त्याला जोडून, म्हणा, २ किलोओहम. इथे सुपरनोड काढायची गरज नाही. त्या फांदीचा करंट (Va - Vb - 6)/2 असा सरळ लिहिता येतो, कारण आता भागायला रेझिस्टन्स आहे. ए आणि बी यांची साधी समीकरणं लिहा आणि मोकळे व्हा. सुपरनोड करायचाच तर सोर्स आणि रेझिस्टर यांच्या मधल्या सांध्याला नवा नोड मानावं लागतं. चूक नाही, पण काम उगाच वाढतं.

ग्राउंडच बी नोडवर घेतला तर बॅटरी तरंगती राहणार नाही, असंही कुणीतरी विचारतं. खरं आहे, Va मग थेट ६ होतं. पण २४ व्होल्टच्या सोर्सचं मायनस टोक त्याच क्षणी ग्राउंडवरून सुटतं आणि तो तरंगायला लागतो. सर्किटमध्ये एकच व्होल्टेज सोर्स असेल तर ग्राउंड हलवण्यात फायदा आहे. इथे सुपरनोड फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेला असता.

दोन तरंगते सोर्स एकाच नोडला चिकटलेले असतील तर तिन्ही नोड एकाच तुटक रेषेत घ्या. करंटचं समीकरण एक आणि सोर्सची समीकरणं दोन. तरंगता सोर्स परावलंबी असेल, तर 6 च्या जागी त्याचं नियंत्रण करणारी राशी येते. ती राशी नोड व्होल्टेजांत लिहायची, बाकी रीत तीच.

ब्रेडबोर्डवर

दुसऱ्या दिवशी मुलांनी हे सर्किट लॅबमध्ये लावलं. पेन्सिल सेल नवे होते, मीटरवर चारांचे मिळून ६.३ व्होल्ट आले. मग ए नोडवर ९ येणारच नाहीत. वरच्या सूत्रांत E = 6.3 घाला: ए ९.२, बी २.९ आणि सी ६.१. मीटरचं काळं टोक ग्राउंडला ठेवून तिन्ही नोड मोजा आणि मोजलेल्या E शी ताडून पाहा. छापील ६ व्होल्टशी ताडू नका. उरलेला थोडा फरक रेझिस्टरांच्या टॉलरन्सचा असतो. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत सेल होल्डरच्या स्प्रिंगवर हिरवट थर चढतो. तो असला तर सेलच्या ओळीत नकळत एक रेझिस्टर येऊन बसतो आणि सर्किटला जोडल्यावर ए-बी फरक घसरतो. म्हणून E नेहमी ए आणि बी यांच्यावर, सर्किट चालू असताना मोजायचं. पॉलिश पेपरने स्प्रिंग घासली की बहुतेक वेळा काम होतं.

एका जोडीने सेलऐवजी दुसरा बेंच पॉवर सप्लाय ६ व्होल्टवर लावला होता. त्यांच्याकडे ए नोडवर ६, सी नोडवर ३.६ आणि बी नोडवर चक्क शून्य आलं. रेझिस्टर बदलून झाले, ब्रेडबोर्ड बदलून झाला, शून्य हलेना. मी सप्लायच्या पुढच्या पट्टीकडे पाहिलं. मायनस टर्मिनल आणि हिरवं अर्थचं टर्मिनल यांना जोडणारी पितळेची छोटी पट्टी दोन्ही सप्लायवर तशीच घट्ट होती. पहिल्या सप्लायचं मायनस म्हणजे आपला ग्राउंड, तो अर्थला. दुसऱ्याचं मायनस म्हणजे बी नोड, तोही अर्थला. अर्थच्या तारेतून बी नोड ग्राउंडला जाऊन बसला होता. सोर्स तरंगतच नव्हता. गणितही तेच सांगतं: Vb शून्य आणि Va सहा धरा, सी नोडच्या समीकरणातून 5Vc = 18, म्हणजे ३.६. दुसऱ्या सप्लायची पट्टी सैल करून बाजूला सरकवली आणि बी नोड ३ व्होल्टवर आला. ऑसिलोस्कोपची ग्राउंडची क्लिपही साधारणपणे अर्थलाच असते. ती तरंगत्या सोर्सच्या टोकाला लावली तर हाच घोटाळा होतो, म्हणून ए-बी मधला फरक साध्या मल्टिमीटरने घ्यावा.

संगणकावर पडताळा

घरी लॅब नसेल तर सर्किट सोडवून देणारा ngspice हा प्रोग्राम मोफत मिळतो. ही फाइल `sn.cir` नावाने ठेवा. पहिली ओळ शीर्षक म्हणूनच वाचली जाते, ती गाळू नका:

```
supernode
V1 p 0 24
V2 a b 6
R1 p a 3k
R2 a c 1k
R3 b c 3k
R4 b 0 1k
R5 c 0 3k
R6 a b 1k
.op
.end
```

मग `ngspice -b sn.cir` चालवा. व्होल्टेजं ९, ३ आणि ६ दिसतील. बॅटरीचा करंट `v2#branch` या नावाने येतो, आणि तो -4 मिलिअँपिअर असेल. वजा का? हा प्रोग्राम सोर्सच्या प्लस टोकातून आत शिरणारा करंट अधिक धरतो, आणि आपली बॅटरी तर करंट बाहेर देते आहे. `R6` ची ओळ काढून पुन्हा चालवा: व्होल्टेजं जशीच्या तशी राहतील आणि `v2#branch` +2 मिलिअँपिअर होईल, म्हणजे बॅटरी चार्ज होते आहे.

हा प्रोग्राम आतमध्ये तुटक रेषा काढत नाही. आपण सुरुवातीला Ix लिहिला होता, तसाच तो प्रत्येक व्होल्टेज सोर्सचा करंट अज्ञात म्हणून ठेवतो आणि Va - Vb = 6 ही जादा ओळ समीकरणांच्या यादीत घालतो. ही रीत हो, रूली आणि ब्रेनन यांनी १९७५ साली मांडली. संगणकाला दोन अज्ञातं वाढल्याचं काही वाटत नाही. हाताने सोडवताना आपण Ix आधीच उडवून टाकतो आणि तीन समीकरणांत काम भागवतो.

मालवणच्या त्या मुलाने पुढच्या आठवड्यात दोन तरंगत्या सोर्सचं गणित आणलं होतं. वहीत तीन नोडांभोवती एक मोठी तुटक रेषा होती, आणि ती जिथे जिथे रेझिस्टर कापत होती तिथे त्याने १ ते ५ आकडे लिहून ठेवले होते.